झेब्रा गप्प, फॉल्स कलर हिरवा, तरी टोपी कोरी पांढरी: चूक कुठे शोधायची

तक्रार साधारण अशी असते. भर दुपारी शेतकऱ्याची मुलाखत घेतली. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. ठरलेल्या पातळीच्या वरच्या भागावर पट्ट्या दाखवणारा कॅमेऱ्यातला झेब्रा १०० वर लावला होता, एकही पट्टी उठली नाही. मॉनिटरवर उजळपणाची प्रत्येक पातळी वेगळ्या रंगात दाखवणाऱ्या फॉल्स कलरमध्ये कुठेही लाल दिसलं नाही. सुरुवातीला ग्रे कार्ड धरलं तेव्हा तेही हिरवं आलं होतं. घरी कॉम्प्युटरवर बघितलं तर टोपी म्हणजे कागदाचा कोरा तुकडा, घडी नाही, शिवण नाही, आणि हायलाइट कितीही खाली ओढला तरी नुसता राखाडी डाग. किंवा याच्या उलट: चेहऱ्यावर ७० चा झेब्रा नीट बसवला होता, तरी सगळं चित्र उजळून फिकं पडलं.

यात कॅमेरा बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. झेब्रा आणि फॉल्स कलर जो आकडा दाखवतात तो खराच असतो, फक्त तो वेगळ्याच सिग्नलचा असतो. कोणत्या सिग्नलचा, हे शोधायला एक ग्रे कार्ड, एक ए-फोर कागद, लेन्सची टोपी आणि एक टॉर्च पुरते. आणि ग्रे कार्ड एकट्यावर भरवसा का ठेवायचा नाही, हेच या सगळ्यातलं मुख्य.

आधी आकड्याचं बघू. झेब्राचे टक्के प्रकाशाचे नसतात, सिग्नलच्या पातळीचे असतात. तोच प्रकाश वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये वेगवेगळ्या पातळीवर जाऊन बसतो. साध्या Rec.709 मध्ये १८ टक्के परावर्तन असलेलं ग्रे कार्ड ४१ च्या आसपास येतं आणि ९० टक्के परावर्तनाचा पांढरा ९५ च्या आसपास. सोनीच्या S-Log3 या लॉग प्रोफाइलमध्ये तेच ग्रे कार्ड ४१ ला येतं, पण पांढरा फक्त ६१ ला. पॅनासॉनिकच्या V-Log मध्ये ४२ आणि ६१. म्हणजे ग्रे कार्ड या तिन्हींत जवळजवळ एकाच जागी आहे आणि पांढऱ्यामध्ये चौतीसचा फरक आहे. ग्रे कार्ड हिरवं आलं म्हणून निर्धास्त होणारा माणूस फसतो तो इथे. कार्ड तिन्हीकडे पास होतं, म्हणून ते चूक दाखवतच नाही. (सगळे लॉग असे नसतात. कॅननच्या C-Log3 मध्ये ग्रे ३४ ला येतं, त्यामुळे तिथे चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.)

आता ७० चा झेब्रा. चेहऱ्याला ७० हा जुना आकडा आहे, टीव्हीच्या सिग्नलचा आणि गोऱ्या कातडीचा. Rec.709 मध्येसुद्धा आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला तो जास्तच होतो. अशा चेहऱ्याची उजेडाकडची बाजू ४५ ते ५५ मध्ये बसली की रंग खरा राहतो. पण तोच ७० चा झेब्रा S-Log3 मध्ये वापरला तर काय होतं ते मोजून बघा. S-Log3 मध्ये ग्रेच्या एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेडाला, ४९ येतं, दोन स्टॉप वर ५८ आणि तीन स्टॉप वर ६७. म्हणजे ७० ला नेलेला चेहरा ग्रेच्या जवळपास सव्वातीन स्टॉप वर गेला. जो चेहरा मुळात ग्रेच्या आसपासच असायला हवा होता तो सव्वातीन स्टॉप उजळला, आणि त्याच्या डोक्यावरची टोपी कुठे गेली असेल याचा विचारच नको.

दुसरा सापळा १०० च्या झेब्राचा. सोनीच्या अल्फा कॅमेऱ्यांवर S-Log3 मध्ये सेन्सर साधारण ९४ ला भरतो. त्याच्या वर सिग्नल जातच नाही. त्यामुळे १०० ला लावलेला झेब्रा आयुष्यात कधी उठणार नाही, टोपी कितीही जळू दे. फॉल्स कलरचंही तेच. अनेक मॉनिटरवर अ‍ॅरीच्या कॅमेऱ्यांवरची पट्टी घेतलेली असते: ३८ ते ४२ हिरवा, ५२ ते ५६ गुलाबी, ९७ ते ९९ पिवळा आणि त्याच्या वर लाल. सिग्नल ९४ ला थांबत असेल तर पिवळाही येणार नाही आणि लालही नाही. स्क्रीनवर टोपी आपली शांत राखाडी दिसते आणि माणूस समजतो की अजून जागा शिल्लक आहे.

म्हणून पहिलं काम आपल्या कॅमेऱ्याचं छत शोधणं. ज्या प्रोफाइलमध्ये आणि ज्या आयएसओवर शूट करणार तेच ठेवायचं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पेटवून लेन्सकडे रोखायचा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, दिव्याचा मध्य नक्की जळालेला असला पाहिजे. सूर्याकडे कॅमेरा धरून हा प्रयोग करू नका, टॉर्च पुरतो. मग झेब्राची पातळी १०० पासून एकेक करून खाली आणायची. सोनीवर त्यासाठी `Zebra Level` मध्ये `C1` निवडून त्याला `Lower Limit` हा प्रकार द्यायचा. दिव्याच्या मधोमध पट्ट्या ज्या आकड्यावर पहिल्यांदा उठतात तो तुमचं छत. तो ९४ आला तर कामाचा झेब्रा ९२ ला ठेवायचा. काही कॅमेऱ्यांवर छत ८० च्या आसपासही निघतं. पहिल्या जीएच-५ सारख्या V-Log L वाल्या पॅनासॉनिकवर असं होतं. तिथे ९२ चा झेब्राही तेवढाच बिनकामाचा. आयएसओ बदलला की हा प्रयोग पुन्हा करा, विशेषतः मूळ आयएसओच्या खाली गेलात तर, कारण तिथे छत आणखी खाली येतं.

छत कळलं की बाकीचे तीन बिंदू. हे कॅमेऱ्याच्या झेब्रावर आणि बाहेरच्या मॉनिटरवर, दोन्हीकडे वेगवेगळे तपासायचे. ग्रे कार्ड आणि ए-फोर कागद एकाच पुठ्ठ्यावर शेजारी चिकटवा आणि अंगणात सावलीत, सारख्या उजेडात उभा करा. कागदाला घडी नको, चकाकी नको. ग्रे कार्ड ४१ ला येईल असं एक्स्पोजर लावा. आता कार्ड विसरा आणि कागद बघा.

S-Log3 चालू असताना कागद ६० च्या आसपास आला तर यंत्र खरा लॉग सिग्नल मोजतंय. कागद ८०-९० च्या घरात गेला तर ते लट, म्हणजे लॉगचं फिकं चित्र नेहमीसारखं दाखवणारं रूपांतर, लावल्यानंतरचं चित्र मोजतंय. ही लट तीन जागी असू शकते: कॅमेऱ्यातच, म्हणजे गॅमा डिस्प्ले असिस्टसारखी सोय चालू आहे, कॅमेऱ्यातून एचडीएमआयने बाहेर पडतानाच सिग्नलवर चढलेली आहे, किंवा मॉनिटरमध्ये घातलेली आहे आणि तो मॉनिटर फॉल्स कलर लटनंतर काढतो. एकेक बंद करून बघा. जी बंद केल्यावर कागदाचा रंग बदलला ती गुन्हेगार. कॅमेऱ्यातल्या झेब्राचीही हीच परीक्षा: असिस्ट चालू असताना कागदावर पट्ट्या जेमतेम दिसतील अशी पातळी लावायची आणि मग असिस्ट बंद करायचं. पट्ट्या जागच्या जागी राहिल्या तर झेब्रा रेकॉर्डिंगचा आहे, नाहीशा झाल्या तर तो दाखवायच्या चित्राचा आहे. हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर काय होतं ते ऐकून ठरवू नका. लटनंतरचं मोजणं मुळात वाईट नाही. Rec.709 चे आकडे लक्षात ठेवले तर त्यावरही चेहरा बसवता येतो. फक्त लट वरचं टोक दाबून टाकते, त्यामुळे टोपी जळाली की नाही हे तिथे कळत नाही. ते विचारायचं ते लॉगलाच.

तिसरा बिंदू लेन्सची टोपी. झाकण लावा आणि काळा किती येतो ते बघा. S-Log3 मध्ये तो शून्य नसतो, साडेतीनच्या आसपास असतो. मॉनिटरवर तो नऊच्या पुढे दिसत असेल तर कॅमेरा आणि मॉनिटर यांची मोजपट्टी जुळत नाही. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ धरण्याची एक रीत आहे आणि शून्य ते २५५ धरण्याची दुसरी. कॅमेरा पहिल्या रीतीने पाठवतो आणि मॉनिटर दुसऱ्या रीतीने वाचतो, तेव्हा काळा वर उचलला जातो आणि १०० चा पांढरा ९२ दिसतो. उलट झालं तर काळा पार चेपतो आणि वरचं टोक वेळेआधीच जळाल्यासारखं दिसतं. आणि इथेही ग्रे कार्ड गप्पच: ४१ चं फार तर साडेएक्केचाळीस होतं, रंग हिरवाच राहतो. मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय रेंज किंवा डेटा लेव्हल अशा नावाची सोय असते, ती दुसरीकडे फिरवून झाकणाचा काळा पुन्हा बघायचा.

या चाचणीला एकदा अर्धा तास लागतो. निघालेले आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवले की प्रत्येक शूटला पुन्हा करायची गरज नाही. एक गोष्ट मात्र दर वेळी बघा: बाहेरच्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करत असाल तर एचडीएमआयमधून स्क्रीनवरची माहिती बाहेर पाठवण्याची सोय बंद हवी. नाहीतर झेब्राच्या पट्ट्याही फाइलमध्ये उतरू शकतात आणि त्या नंतर कशानेही निघत नाहीत.

आता हे सगळं एका जागी लावून बघू. सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीचा सौदा, दुपारचे बारा. शेतकरी अडत दुकानाच्या दारात उभा आहे. ऊन डोक्यावर आहे, पांढऱ्या टोपीवर थेट पडतंय, आणि कपाळाखाली चेहऱ्यावर टोपीची आणि पत्र्याची सावली आहे. चेहरा सावळा, परावर्तन ग्रे कार्डाएवढंच धरू. उन्हात आणि त्या सावलीत अडीच स्टॉपचा फरक धरू. उन्हातली टोपी उन्हातल्या ग्रेपेक्षा २.३ स्टॉप वर असते. तेव्हा टोपी आणि चेहरा यांच्यात एकूण ४.८ स्टॉपचं अंतर.

S-Log3 मध्ये ९४ चं छत ग्रेच्या सहा स्टॉप वर येतं. चेहरा ७० च्या झेब्रावर बसवला तर तो ग्रेच्या सव्वातीन स्टॉप वर, आणि टोपी आठ स्टॉप वर. छत सहावर आहे. दोन स्टॉप गेले, परत येणार नाहीत. चेहरा ४१ ला बसवला तर टोपी ४.८ स्टॉप वर, म्हणजे ८३ ला. घडी-शिवण सगळं शाबूत. चेहरा ४९ ला नेला, म्हणजे एक स्टॉप उजळ घेतला, तर टोपी ९२ ला, छताला डोकं टेकलेलं. एवढी जोखीम घ्यायची असेल तर ९२ चा झेब्रा डोळ्यांसमोर ठेवून घ्यावी, आणि माणूस उन्हात अर्धं पाऊल पुढे आला की पट्ट्या उठणार हे धरून चालावं.

लॉगमध्ये एक स्टॉप उजळ घेतलेला चेहरा ग्रेडिंगला स्वच्छ निघतो, सावलीतला दाणा कमी दिसतो, म्हणून तो मोह असतोच. त्यासाठी बिनखर्चाचा उपाय थर्माकोलचा. पांढरी शीट चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला, ऊन झेलेल अशी तिरकी धरायची. चेहरा एक स्टॉपने उठला की अंतर ४.८ वरून ३.८ वर आलं. आता चेहरा ४९ ला आणि टोपी ८३ ला, दोन्ही एकाच वेळी मिळतात. शीट किती जवळ हवी ते फॉल्स कलरवर बघूनच ठरवायचं. फार जवळ आणली तर हनुवटीखालून उजेड येतो आणि चेहरा परका दिसतो.

चेहऱ्यासाठी झेब्राचा दुसरा प्रकार वापरा, सोनीवर `Std+Range`, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या आजूबाजूला तेवढ्याच पट्ट्यात रेघा उठतात. ४५ ला ±४ दिलं की ४१ ते ४९ मधली कातडी रेघांनी भरते. गालाचा आणि कपाळाचा उजेडाकडचा भाग भरला, सावलीकडचा मोकळा राहिला, की झालं. हे `C1` ला आणि ९२ चा `Lower Limit` झेब्रा `C2` ला ठेवला की एकावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. रेकॉर्डिंगआधी दोन्ही बघायचे. ग्रे कार्ड नसेल तर त्या माणसाचा तळहात चालतो. चेहरा गोरा असो की काळा, तळहात साधारण ग्रेच्या एक स्टॉप वर असतो, म्हणजे S-Log3 मध्ये ४९ ला. पण हळदीच्या आवारात तळहात पिवळे असतात आणि लग्नघरी मेंदीचे. तिथे हा उपाय सोडून द्या.

या आवारातच उरलेला दोष दिसतो, आणि तो साध्या प्रोफाइलवर शूट करणाऱ्यांना जास्त छळतो. चेहरा बरोबर, टोपी बरोबर, पण हळदीचा ढीग रेकॉर्डिंगमध्ये लिंबाच्या रंगाचा आणि सपाट दिसतो. राजापुरी हळदीच्या कांड्यांमधल्या फटी भरून गेल्यासारख्या. झेब्रा तेव्हाही गप्पच असतो. कारण झेब्रा आणि बहुतेक फॉल्स कलर उजळपणा मोजतात, एकेक रंग वेगळा मोजत नाहीत, आणि उजळपणात तिन्ही रंगांचा वाटा सारखा नसतो:

```
Y = 0.2126 R + 0.7152 G + 0.0722 B
```

हळदीच्या एखाद्या ठिपक्यात लाल १००, हिरवा ७०, निळा ५ असेल तर उजळपणा येतो ७२. लाल छताला जाऊन आदळलाय आणि झेब्राच्या लेखी अजून २८ टक्के जागा आहे. आणखी एक्स्पोजर वाढवलं की लाल तिथेच अडकतो, हिरवा मात्र चढत राहतो, म्हणून केशरी झाक असलेला पिवळा हळूहळू लिंबू रंगाकडे सरकतो. रंग बदलणं ही या दोषाची खूण. साधा ओव्हरएक्स्पोजर रंग फिका करतो, हा रंगच बदलतो.

मॉनिटरवर आरजीबी परेड, म्हणजे तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख, असेल तर प्रश्नच नाही. लाल रंगाचा आलेख वरच्या कडेला सपाट झाला की अ‍ॅपर्चर बंद करायचं किंवा एनडी वाढवायचा. परेड नसेल तर हळदीच्या शॉटपुरता झेब्रा ७० ला आणा आणि ढिगाच्या उन्हातल्या बाजूवर पट्ट्या उठू देऊ नका. हळद आणि चेहरा एकाच फ्रेममध्ये असेल तर हळद वाचवा. चेहरा अर्धा स्टॉप दबला तर नंतर उचलता येतो, लालची हरवलेली माहिती कुठून आणणार? प्रोफाइलमधलं सॅच्युरेशन दोन-तीन पायऱ्या कमी केल्यानेही बरीच मोकळी जागा मिळते. लॉगमध्ये हा त्रास सहसा रेकॉर्डिंगला नसतो, लट लावल्यावर दिसतो. तिथे आधी एक्स्पोजर खाली घेऊन मग लट लावली की पिवळा परत येतो.

कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हाही हेच होतं, फक्त तिथे माणसांचे चेहरेच पिवळे असतात. तिथे ४१ ते ४९ चा चेहऱ्याचा झेब्रा लावू नका. भंडाऱ्याने माखलेली कातडी मूळ कातडीपेक्षा बरीच उजळ असते, ती त्या पट्ट्यात दाबून बसवली तर सगळी गर्दी काळवंडते. उधळण सुरू व्हायच्या आधी एखाद्या कोऱ्या चेहऱ्यावर एक्स्पोजर ठरवून ते लॉक करायचं. गुलालाचं गणित याहून वाईट: लाल १००, हिरवा १०, निळा १५ धरला तर उजळपणा भरतो जेमतेम ३०. फॉल्स कलरमध्ये तो भाग अंधारा दिसतो, म्हणून हात आपोआप अ‍ॅपर्चर उघडायला जातो, आणि लाल आधीच संपलेला असतो. गुलालाच्या शॉटमध्ये फॉल्स कलर बंदच ठेवावा आणि शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर नजर ठेवावी, साध्या प्रोफाइलवर तो ९० च्या वर जाऊ देऊ नये.